आजचा भाव, पण कुठल्या दिवसाचा?

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, उमराणे इथल्या सकाळच्या सत्रातले कांद्याचे लिलाव आटोपत आले की मोबाइलवर भावाचे व्हिडिओ यायला लागतात. त्यांचा साचा ठरलेला असतो: बाजार समितीचं नाव, कांद्याची जात, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. वर्षाचे तीनशेच्या आसपास दिवस हेच चालतं, आणि प्रत्येक व्हिडिओखाली एक वर्णन असतं, ज्याला हे काम करणारे सगळे डिस्क्रिप्शन म्हणतात. वाद या वर्णनाचा आहे. व्हिडिओच एकासारखा एक असेल, तर त्याखालचा मजकूर रोज निराळा कसा लिहायचा, आणि का लिहायचा? या लेखात दोन बाजू बोलतात. एक आहे रोज असे व्हिडिओ करणाऱ्यांची. तिला मी ‘प्रसारक’ म्हटलं आहे. तो कुणी एक माणूस नाही, या कामातल्या अनेकांचं म्हणणं त्याच्या तोंडी एकत्र केलं आहे. दुसरी बाजू माझी.

प्रसारक: माझ्या व्हिडिओत कालच्यापेक्षा बदलतात ते चार आकडे. बाजार तोच, कांदा तोच, बोलणारा मीच. डिस्क्रिप्शनचा मजकूर मी एकदाच लिहून ठेवलाय: ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण महाराष्ट्रातील प्रमुख बाजार समित्यांचे आजचे कांदा बाजारभाव पाहणार आहोत, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा.’ त्याखाली कांदा भाव, आजचा कांदा भाव, कांदा बाजारभाव लाइव्ह असे शोधायचे शब्द. यात खोटं काय आहे? आणि रोज नवं लिहायला माझ्याकडे नवं आहे काय?

लेखक: तुमच्या वाक्यात खोटं काही नाही, पण त्यात आजचंही काही नाही. ते काल खरं होतं, आज खरं आहे, उद्याही खरं असेल. म्हणजे ते या व्हिडिओबद्दल बोलतच नाही, तुमच्या चॅनेलबद्दल बोलतं. एक साधी परीक्षा घेऊन पाहा. गेल्या आठवड्याची पाच वर्णनं कागदावर उतरवा, तारखा झाका आणि रोज बाजारात उभ्या राहणाऱ्या माणसाला दाखवा. कुठलं वर्णन कुठल्या दिवसाचं हे त्याला ओळखता आलं नाही, तर ती पाच वर्णनं नाहीत, एकच वर्णन पाचदा चिकटवलेलं आहे. त्यातून होणारं नुकसान ‘आज’ या शब्दापासून सुरू होतं. बातमीदाराला हा शब्द सोयीचा असतो, कारण वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. व्हिडिओ रद्दीत जात नाही, तो शोधात येत राहतो. मार्चमध्ये टाकलेला ‘आजचे कांदा भाव’ हा व्हिडिओ सप्टेंबरमध्ये कुणाच्या समोर आला, तर त्याच्या शीर्षकात आणि वर्णनातही ‘आज’च असतो. कळवण किंवा देवळ्याकडचा एखादा शेतकरी चाळीतला माल उद्या भरायचा की आठवडाभर थांबायचं हे ठरवत असतो. त्याला सहा महिन्यांपूर्वीचा भाव आजचा म्हणून दिसणं ही किरकोळ चूक नव्हे. म्हणून वर्णनाचा पहिला नियम असा की ‘आज’ शब्दावर विसंबायचं नाही. पहिल्याच ओळीत वार, तारीख आणि वर्ष लिहायचं. वर्ष तर हमखास लिहायचं, कारण ‘१२ सप्टेंबर’ दर वर्षी येतो.

प्रसारक: तारीख टाकतो. पण एकसारखेपणा टाळण्यासाठी मी आधीच एक युक्ती केलेली आहे. माझ्याकडे पाच-सहा मजकूर आहेत, ते आलटून-पालटून वापरतो. कधी ‘भाव’, कधी ‘दर’, कधी ‘रेट’. सर्वसाधारण दराला कधी ‘सरासरी भाव’, कधी ‘अ‍ॅव्हरेज’. वाढ झाली तर कधी ‘तेजी’, कधी ‘उसळी’. शब्द वेगळे, म्हणजे डिस्क्रिप्शन वेगळं. नाही का?

लेखक: इथेच माझा तुमच्याशी मुख्य मतभेद आहे. बाजारभावाच्या वर्णनात शब्द स्थिर हवेत आणि तथ्यं वेगळी हवीत. तुम्ही तथ्यं तशीच ठेवता आणि शब्द फिरवता. ‘सर्वसाधारण दर’ हाच शब्द घ्या. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोज जे भाव प्रसिद्ध करतं, त्यात किमान आणि कमाल दराशेजारी सर्वसाधारण दराचा रकाना असतो. जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास विकला गेला, तो हा दर. तो किमान आणि कमाल यांचा मध्य नव्हे. समजा किमान ५०० आहे, कमाल २,२०० आणि सर्वसाधारण १,६५०. दोन टोकांची सरासरी काढली तर ती १,३५० येते, म्हणजे क्विंटलमागे ३०० रुपयांचा फरक. तुम्ही सोमवारी ‘सर्वसाधारण’ लिहिलंत आणि मंगळवारी नुसतं चवीपुरतं ‘सरासरी’ लिहिलंत, तर पाहणाऱ्याला वाटेल की हा निराळा आकडा आहे. एखादा हिशेबी माणूस टोकांची सरासरी काढून तुमचा आकडा चुकीचा ठरवेल. ‘उसळी’चंही तसंच आहे. सोमवारी ४० रुपयांच्या वाढीला ‘उसळी’ म्हटलं, तर गुरुवारी ४०० रुपये वाढले तेव्हा कुठला शब्द आणणार? समानार्थी शब्द ललित लेखनात शोभतात. जिथे दोन दिवसांची तुलना करायची असते तिथे ते तुलनाच मोडतात. कीर्दवहीत कुणी ‘जमा’ला रोज नवा प्रतिशब्द शोधत नाही, आणि तरी कीर्दीची दोन पानं कधी सारखी नसतात. तुमच्या आलटून-पालटून मजकुरांची तीच परीक्षा करा: तारखा झाकल्या तर ते ओळखता येतात का? नाही येत. सहा मजकूर झाले, पण दिवस एकही सांगितला गेला नाही.

प्रसारक: मग मी नुसते चार आकडे डिस्क्रिप्शनमध्ये टाकतो. ते रोज वेगळेच असतात. तुमची परीक्षा त्यात पास होते.

लेखक: बऱ्याच अंशी होते, हे मान्य. नुसते आकडे आणि तारीख हे वर्णन ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’पेक्षा कितीतरी सरस आहे. कुणाकडे खरोखर दोनच मिनिटं असतील तर त्याने तेवढंच करावं, माझी हरकत नाही. पण आकडा एकटा उभा असला की त्याचा अर्थ लावायचं काम पाहणाऱ्यावर पडतं, आणि त्याच्याजवळ कालचा आकडा नसतो. तो तुमच्याजवळ असतो. लागोपाठच्या चार दिवसांचं एक उदाहरण घेतो. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, कुठल्याही बाजाराचे खरे नव्हेत. महिना सप्टेंबर, कांदा उन्हाळ, म्हणजे मार्च ते मे दरम्यान काढून चाळीत साठवलेला. सोमवारी आवक १४,००० क्विंटल, किमान ७००, कमाल २,१५०, सर्वसाधारण १,७००. मंगळवारी आवक १४,६००, किमान ७००, कमाल २,४००, सर्वसाधारण १,७००. बुधवारी आवक ९,८००, किमान ५००, कमाल २,२००, सर्वसाधारण १,६५०. गुरुवारी आवक १०,१००, आणि तिन्ही दर बुधवारचेच.

आता मंगळवार पाहा. लघुचित्रावर मोठ्या अक्षरात २,४०० झळकणार, कारण तो आकडा डोळ्यात भरतो. पण सर्वसाधारण दर जागचा हललेला नाही. याचा अर्थ असा की निवडक, एकसारख्या आकाराच्या, रंग टिकलेल्या कांद्याच्या काही वाहनांना चढा भाव मिळाला आणि बाकीचा बाजार कालच्याच भावात गेला. मंगळवारच्या वर्णनाचं पहिलं वाक्य तेच असायला हवं: ‘मंगळवार, (तारीख, वर्ष): उन्हाळ कांद्याचा सर्वसाधारण दर १,७०० रुपये, कालइतकाच. कमाल दर २५० रुपयांनी वाढून २,४००, पण तो निवडक मालाला.’ हे वाक्य सोमवारी लिहिता आलं नसतं आणि बुधवारीही येणार नाही. त्याला कुठलंही भाषिक कौशल्य लागलेलं नाही. दोन आकड्यांमधली फारकत तेवढी पाहिली.

बुधवार याहून बोलका आहे. आवक एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने घटली. आवक घटली की भाव वर जातो ही बाजाराची रोजची समजूत. इथे तो गेला नाही, उलट सर्वसाधारण दर ५० रुपयांनी आणि किमान दर २०० रुपयांनी उतरला. म्हणजे आलेल्या मालात हलका माल जास्त असणार. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसतं: कोंब फुटलेला, पत्ती सुटलेला, चाळीत ओल लागलेला कांदा किती आला, गोल्टी किती, खाद किती. एरवी व्हिडिओत नुसता आकडा म्हणून जाणारा किमान दर आज खरी माहिती देतो. तेव्हा बुधवारचं वर्णन किमान दरापासून सुरू व्हावं: ‘आवक ९,८०० क्विंटल, कालपेक्षा ४,८०० ने कमी, तरी भाव वाढला नाही. कोंब आलेल्या मालाला ५०० रुपयांपासून बोली.’ तीन दिवसांत तीन वेगळ्या जागांवरून सुरुवात झाली: सोमवारी नेहमीप्रमाणे सर्वसाधारण दर, मंगळवारी कमाल आणि सर्वसाधारण यांतली दरी, बुधवारी आवक आणि किमान दर. वेगळेपणासाठी वेगळी रचना शोधावी लागली नाही, ज्या रकान्यात हालचाल झाली तो रकाना पुढे आला. रोज सगळे रकाने द्यायचेच. पण पहिलं वाक्य कुठल्या रकान्यावर लिहायचं हे दिवस ठरवतो.

प्रसारक: आणि गुरुवार? गुरुवारी तर काहीच हललं नाही. माझे बरेचसे दिवस गुरुवारसारखेच असतात. तिथे तुम्ही मला काय लिहायला सांगणार? मला भीती वाटते ती याचीच. रोज वेगळं लिहा म्हटलं, की माणूस रोज बातमी तयार करतो. पंचवीस रुपये उतरले की ‘भाव कोसळले’, दहा वाहनं कमी आली की ‘आवकेत मोठी घट’, आणि कारण हवं म्हणून ‘निर्यातीच्या चर्चेमुळे’. माझा साचा कंटाळवाणा असेल, पण तो कुणाला घाबरवत नाही.

लेखक: तुमच्या सगळ्या आक्षेपांमध्ये हा सर्वांत वजनदार आहे, आणि मी तो टाळणार नाही. वेगळेपणाचा हट्ट माणसाला अतिशयोक्तीकडे नेतो, हे खरं आहे. त्यावर माझं उत्तर असं की हालचालीचे शब्द लिहायच्या वेळी निवडायचे नाहीत, आधीच ठरवून ठेवायचे. उदाहरणार्थ, सर्वसाधारण दरात कालच्या तुलनेत तीन टक्क्यांपर्यंतचा फरक म्हणजे ‘स्थिर’. १,७०० वर तीन टक्के म्हणजे ५१ रुपये, तेव्हा बुधवारची ५० रुपयांची उतरण या मोजमापाने ‘स्थिर’मध्येच बसते, आणि वर्णनात ‘कोसळले’ला जागा उरत नाही. त्यापुढे दहा टक्क्यांपर्यंत ‘वाढ’ किंवा ‘घट’, दहाच्या वर ‘मोठी वाढ’ किंवा ‘मोठी घट’. टक्के कुठले घ्यायचे हे आपापल्या बाजाराची गेल्या वर्षाची आकडेवारी पाहून ठरवा. टोमॅटोसारख्या मालाला तीन टक्के फार तोकडे पडतील. पण एकदा ठरवलं की वर्षभर बदलू नका. मग ‘मोठी घट’ हा शब्द वर्षातून मोजक्या वेळा येईल आणि आला की लोक थांबून पाहतील.

आणि गुरुवारला ‘काही नाही’ म्हणू नका. स्थिर भाव ही माहिती आहे, तो किती दिवस स्थिर आहे हे सांगितलं तर. ‘सर्वसाधारण दर १,६५०, सलग दुसऱ्या दिवशी तेवढाच. आवक किंचित वाढून १०,१००, पण सोमवारपेक्षा अजून सुमारे ४,००० क्विंटलने कमी.’ कालशी तुलना करून काही हाती लागत नसेल तर मागे सरका: या आठवड्याच्या सुरुवातीशी, गेल्या महिन्याच्या याच तारखेशी, गेल्या वर्षीच्या याच आठवड्याशी. शेजारच्या बाजाराशीही तुलना करता येते, फक्त जात आणि प्रत एकच असावी लागते. मात्र हे अंतर प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा. ‘भाव वाढले’ हे अर्धं वाक्य आहे, कधीपासून वाढले ते सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. आणि मागे किती सरकायचं हे आपल्याला हवी ती वाढ दिसेपर्यंत शोधत बसू नका. कालनंतर सोमवार, सोमवारनंतर मागचा महिना असा क्रम एकदा लावून टाका, नाहीतर चढउताराचं चित्र तुम्ही निवडाल, बाजार नाही.

आता कारणांबद्दल. मराठीत ‘नंतर’ आणि ‘मुळे’ हे दोन शब्द आहेत आणि बाजारभावाच्या वर्णनाची सगळी प्रामाणिकता त्या दोघांमधल्या अंतरात असते. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद केली. ८ तारखेला नाशिक जिल्ह्यातल्या अनेक बाजारांत शेतकऱ्यांच्या संतापामुळे लिलाव बंद पडले. त्या दिवसाच्या वर्णनात निर्यातबंदीची तारीख आणि लिलाव बंद पडल्याची नोंद यायलाच हवी होती, कारण पुढे वर्षानुवर्षं त्या आठवड्याचे भाव शोधणाऱ्याला हा संदर्भ लागतो. लिलाव पुन्हा सुरू झाल्यावर ‘निर्यातबंदीनंतरचा पहिला लिलाव’ हे निव्वळ तथ्य आहे, ते कुणीही निर्धास्त लिहावं. ‘निर्यातबंदीमुळे भाव इतका पडला’ हे मात्र अनुमान आहे. त्या प्रसंगी ते बळकट होतं, पण एरवी प्रत्येक उतरणीला असं सरकारी कारण सापडतं असं नाही. ३१ मार्चनंतरही चालू राहिलेली ही बंदी ४ मे २०२४ ला उठली, तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. त्या सप्टेंबरात ती किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. या प्रत्येक तारखेच्या अलीकडे-पलीकडे भाव हलला किंवा हलला नाही हे तुमच्या चॅनेलवर तारखेनिशी नोंदलेलं असतं, तर कुणालाही ते पडताळता आलं असतं. कारण लिहायचंच असेल तर कुणी सांगितलं ते लिहा: ‘व्यापाऱ्यांच्या म्हणण्यानुसार दक्षिणेकडची मागणी कमी.’ आणि माहीत नसेल तर कारणाचं वाक्य लिहूच नका. वर्णन त्यावाचूनही वेगळंच राहतं, कारण त्याचा वेगळेपणा आकड्यांच्या तुलनेतून आलेला असतो.

प्रसारक: हे सगळं पटलं तरी डिस्क्रिप्शन वाचतं कोण? लोक लघुचित्र पाहतात, व्हिडिओ लावतात, भाव ऐकतात आणि बंद करतात. त्यात माझ्याकडे वेळ नाही. लिलावाचे आकडे हाती आल्यापासून अर्ध्या तासात व्हिडिओ चढवला नाही तर दुसरा चढवतो.

लेखक: बहुतेक लोक वर्णन वाचत नाहीत, हे खरं. व्हिडिओ चालतो की नाही हे वर्णनापेक्षा शीर्षक, लघुचित्र आणि लोक किती वेळ पाहतात यावर जास्त ठरतं, हेही खरं. वर्णन नीट लिहिलं की दर्शक दुप्पट होतील असा माझा दावा नाही. पण ते कुठे कामाला येतं ते पाहा. यूट्यूबवर वर्णनाला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे, पण व्हिडिओखाली आधी दिसतात त्या सुरुवातीच्या एक-दोन ओळी, बाकीचं उघडावं लागतं. शोधातही वर्णनातला थोडाच मजकूर दिसू शकतो. त्या ओळींत ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ असेल तर तुमचे दहाही व्हिडिओ शोधात सारखेच दिसतात, आणि पाहणारा नेमका जुन्यावर बोट ठेवू शकतो. पहिल्या ओळीत तारीख, बाजार, जात आणि सर्वसाधारण दर असेल तर उघडण्याआधीच तो व्हिडिओ कुठला हे कळतं. शोधयंत्राचंही तेच आहे: दहा व्हिडिओंचा मजकूर एकच असेल, तर ‘लासलगाव उन्हाळ कांदा सप्टेंबर’ शोधणाऱ्याला त्यातला नेमका कुठला द्यायचा हे ठरवायला मजकुरात काही सापडत नाही.

वेळेचं म्हणाल, तर पहिलं वाक्य तुम्ही आधीच तयार केलेलं असतं, कारण व्हिडिओत ते बोलावंच लागतं. माझी सूचना अशी की बोलायच्या आधी ते वाक्य लिहा, मग तेच वाचा आणि तेच वर्णनात टाका. लिहिताना तीन प्रश्न पुरतात: कालच्यापेक्षा कुठला रकाना सर्वांत जास्त हलला? मालाची प्रत कालच्यासारखीच होती का? उद्याच्या विक्रेत्याला ठाऊक असावं असं काही घडलं का, जसं सत्र उशिरा सुरू होणं, सुट्टी, वाहनांची रांग? आकडे रोज एका तक्त्यात ओळीने भरत गेलात तर फरक काढायला सूत्र पुरतं. सर्वसाधारण दर डी स्तंभात असेल आणि मथळा पहिल्या ओळीत असेल, तर तिसऱ्या ओळीत आजचा टक्क्यातला फरक असा निघतो:

```
=(D3-D2)/D2*100
```

सूत्र इतकंच करतं. प्रत कशी होती ते त्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिलावाच्या ओट्यावरून किंवा तिथल्या माणसाशी फोनवर बोलूनच मिळतं. ज्याला ते मिळत नाही त्याने प्रतीबद्दल गप्प राहावं. तुमचा साचाही मी फेकून द्या म्हणत नाही. चॅनेलची ओळख, भाव रुपये प्रति क्विंटल आहेत हा खुलासा, आकडे कुठून घेतले, किमान-कमाल-सर्वसाधारण यांचे अर्थ, ही सगळी रोज सारखीच राहायला हवीत. ती अपलोडच्या ठरावीक मजकुरात एकदा साठवून ठेवा, पण दिवसाच्या दोन-तीन वाक्यांच्या खाली. तुमची चूक साचा ठेवण्यात नव्हती, तो वर ठेवण्यात होती. शोधायच्या शब्दांची रांग मात्र काढून टाका. वर्णनात नुसत्या शब्दांची गर्दी करणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, आणि ‘लासलगाव’, ‘उन्हाळ कांदा’, ‘सर्वसाधारण दर’ हे शब्द तुमच्या पहिल्या वाक्यात आधीच आलेले आहेत.

दोन काळांत याहून जास्त जपावं लागतं. साधारण दिवाळीच्या सुमारास चाळीतला उन्हाळ संपत येतो आणि नवा लाल कांदा येऊ लागतो. मार्चच्या आसपास लाल आणि रांगडा ओसरतो, नवा उन्हाळ सुरू होतो. त्या आठवड्यांत एकाच आवारात दोन जातींचे लिलाव होतात आणि त्यांचे भाव निरनिराळे असतात. ‘कांद्याचा सर्वसाधारण दर’ एवढंच लिहिलं तर काल उन्हाळचा आणि आज लालचा आकडा देऊन तुम्ही नसलेली घसरण दाखवाल. तेव्हा जातवार दोन वाक्यं लिहा, आणि कालच्या उन्हाळशी आजचा उन्हाळच ताडा. हे बिघडलंय हे प्रतिक्रियांवरून कळतं: ‘कोणता कांदा?’, ‘कधीचा भाव?’ हे प्रश्न परत परत येऊ लागले की वर्णनाची पहिली ओळ कमी पडते आहे असं समजा.

प्रसारक: सारखेपणावरून उत्पन्न बंद होतं असंही कानावर येतं. डिस्क्रिप्शन वेगळं लिहिलं की तो धोका टळतो का?

लेखक: नाही, आणि त्या आशेने लिहू नका. यूट्यूबने जुलै २०२५ मध्ये ‘पुनरावृत्तीचा आशय’ या धोरणाचं नाव बदलून ‘अस्सल नसलेला आशय’ असं केलं. त्याचा रोख घाऊक, साच्यातून काढलेल्या व्हिडिओंवर आहे. तपासणी करणारे शीर्षक, लघुचित्र आणि वर्णनही पाहू शकतात, पण मूळ प्रश्न व्हिडिओचा असतो. एकाच स्थिर चित्रावर रोज चार आकडे बदलून वाचले जात असतील, तर खाली कितीही वेगळं लिहिलं तरी व्हिडिओ तोच राहतो. वर्णन फक्त व्हिडिओत असलेला वेगळेपणा बाहेर दाखवतं, नसलेला आणू शकत नाही. लिलाव बंद असतो त्या दिवशी हे सर्वांत स्पष्ट होतं. सुट्टीच्या दिवशी कालचेच भाव आजची तारीख घालून चढवणं ही या कामातली सर्वांत वाईट सवय आहे. तिथे नेमकं लिहिलेलं वर्णन फसवणूकच नेमकी करतं. त्या दिवशी व्हिडिओ करू नका, किंवा ‘आज लिलाव बंद, शेवटचा भाव शनिवारचा’ असं शीर्षकातच सांगा.

प्रसारक: शेवटचं विचारतो. माझ्या चॅनेलवर असे सहाशे व्हिडिओ पडून आहेत, सगळ्यांखाली तोच मजकूर. ते पुन्हा लिहायचे का?

लेखक: सगळे नाही. स्टुडिओत गेल्या २८ दिवसांचे आकडे उघडा आणि शोधातून अजूनही कुठल्या जुन्या व्हिडिओंवर लोक येतात ते पाहा. महिन्यांपूर्वीच्या ज्या व्हिडिओवर अजून ‘आजचा कांदा भाव’ शोधून लोक पोचतात, तिथे आज चुकीची माहिती दिली जाते आहे, म्हणून आधी ते हाती घ्या. त्यांच्या शीर्षकातला ‘आज’ काढून पूर्ण तारीख घाला, वर्णनाच्या पहिल्या ओळीत तारीख, बाजार, जात आणि व्हिडिओत बोललेले आकडे लिहा, आणि त्याखाली ताज्या भावांच्या यादीचा दुवा द्या. आकडे व्हिडिओ ऐकूनच घ्या, आठवणीने नको. त्या दिवशी प्रत कशी होती, भाव का हलला हे तेव्हा नोंदलं नसेल तर आता लिहू नका. बाकीच्यांत निर्यातीच्या निर्णयांच्या आसपासचे आठवडे तेवढे वेगळे काढा, म्हणजे ऑगस्ट २०२३ मधलं ४० टक्के शुल्क, त्या डिसेंबरातली बंदी, मे आणि सप्टेंबर २०२४, एप्रिल २०२५. ते शोधले जातील, म्हणून त्यांनाही तारखा घाला. उरलेले आहेत तसे राहू द्या आणि तो वेळ उद्याच्या पहिल्या वाक्याला द्या.